एकोणीसचे सत्तावीस कसे झाले?

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. बाबा एस.टी.त कंडक्टर. तिकिटांच्या पेटीखाली त्यांचा कायम एक गठ्ठा असायचा. कधी कापसाच्या भावावरचं पत्रक, कधी उगवलंच नाही अशा बियाण्यावरचं, कधी वसतिगृहातल्या पातळ वरणावरचं. उतारूला सुटे पैसे परत देताना सोबत पत्रक जायचं. उरलेली घरी यायची आणि आई त्यांनी डब्यांच्या फळ्या मढवायची. त्यामुळे बोरी अरबच्या आमच्या स्वयंपाकघरात हळदीखाली ‘जाब द्या’ होतं आणि तिखटाखाली ‘संघटित व्हा’. मुळाक्षरांच्या तक्त्यात ‘ज’ जहाजाचा असतो, हे मला शाळेत गेल्यावर कळलं. तोवर माझा ‘ज’ जाहीर निषेधाचा होता.

पत्रकाचे बाबांचे काही कायदे होते. मागणी एकच, आणि ती मोजता येईल अशी. खाली स्वतःचं नाव. आणि सगळ्यांत कडक कायदा हा, की ज्याच्याविरुद्ध पत्रक आहे त्याने ते आधी वाचायचं. कच्चा कागद घेऊन आपण त्याच्यासमोर जायचं, तो वाचेपर्यंत उभं राहायचं, आणि त्याला काही बोलायचं असेल तर ऐकून मगच छापायला टाकायचं. या कायद्यापायी बाबांना दोनदा चहा मिळाला आणि एकदा कुत्रं अंगावर आलं. कायदा मात्र त्यांनी सोडला नाही.

ही गोष्ट माझ्या धाकट्या बहिणीच्या पाठीची. ती तेव्हा आठवीत होती आणि मी यवतमाळला बी.ए.च्या पहिल्या वर्षाला.

पाठ वाकडी आहे हे डॉक्टरांच्या आधी आईच्या कात्रीला कळलं. आई शिवणकाम करायची. कापसाने मान टाकली त्या वर्षांत नवं कापड कोणी आणत नव्हतं. सगळा गाव जुनंच उसवून पुन्हा शिवून घ्यायचा, म्हणून आईकडे वेळ होता आणि घरचेही कपडे वेळेवर व्हायचे. तर शाळेचा नवा ब्लाउज बहिणीला घातला की उजवीकडून वर चढायचा. आईने खालची घडी उसवली, पुन्हा घातली. पुन्हा वर.

“सरळ उभी राह्य ना वं!” आई म्हणाली.

“सरळच हाय मी. तुह्या कात्रीनं दारू पेली असन.”

आईने कात्री बदलली, मग टेप बदलला, मग शिलाई मशीनच्या नावाने बोटं मोडली. शेवटी बहीण खाली पडलेली टाचणी उचलायला वाकली, तेव्हा आईला दिसलं की पाठीची उजवी बाजू डावीपेक्षा उंच आहे. मशीनची माफी मागायची तिने टाळली.

पावसाळ्याच्या सुरुवातीला तालुक्याला एक्स-रे काढला. तिथल्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलं, कण्याला बाक, एकोणीस अंश, लक्ष ठेवा. आम्ही लक्ष ठेवलं, म्हणजे रोज रात्री जेवणाआधी आई बहिणीला वाकायला लावायची, आणि बहीण वाकल्या वाकल्या “भारतमाता की जय” म्हणायची. कापूस वेचायला लागला तेव्हा, साधारण पाच महिन्यांनी, आम्ही तिला यवतमाळच्या हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. तिथे नवा एक्स-रे निघाला, आणि आकडा आला सत्तावीस.

डॉक्टर पन्नाशीचे, गोल चेहऱ्याचे. त्यांची स्वतःची शेती होती आणि पेशंट तपासता तपासता ते बोंडअळीला शिव्या द्यायचे. त्यांनी सांगितलं, “पाच महिन्यांत आठ अंश वाढलं. पोरगी वाढीची आहे. आता थांबण्यात अर्थ नाही. प्लास्टिकचं जाकीट लागेल. नागपूरला माप घेतील. दिवसाचे वीस-बावीस तास घालायचं, उंची वाढायची थांबेपर्यंत. म्हणजे दोनेक वर्षं.”

बहिणीने एकच विचारलं, “चौदा एप्रिललेबी?”

डॉक्टरांना ते कळलं नाही. आम्हाला कळलं. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत आमच्या गावाचं मुलींचं लेझीमपथक निघायचं, आणि त्या वर्षी पहिल्यांदा पथकाच्या पुढे, शिट्टी तोंडात धरून, ती असणार होती. आधीची पुढारीण लग्न होऊन महागावला गेली होती. बहिणीने तिची शिट्टी मागून घेतली होती आणि ती उशाखाली ठेवून झोपायची. छातीपासून कमरेपर्यंत प्लास्टिकच्या डब्यात बसून कोणाला वाकून लेझीम खेळता येणार?

परत येताना एस.टी.त ती खिडकीकडे तोंड करून बसली. दारव्हा रोडवर कापसाच्या गाड्यांची रांग होती. तिने एरवी प्रत्येक बैलाला नाव ठेवलं असतं. त्या दिवशी एकालाही ठेवलं नाही.

मी मात्र पेटले होते. माझं साधं गणित होतं. माणसाचं हाड पाच महिन्यांत इतकं हलत नाही. एकोणीस असताना जाकीट लागत नाही, सत्तावीस झालं की लागतं. मग आकडा कोणाच्या सोयीने वाढला? त्याच रात्री मी पत्रक लिहिलं. मथळा होता: ‘एकोणीसचे सत्तावीस कसे झाले? जनतेला जाब द्या!’ जनता म्हणजे आई, बाबा, बहीण आणि मी. मजकुरात ‘कारस्थान’ होतं, ‘प्लास्टिकशाही’ होती, आणि मला फार आवडलेलं एक वाक्य होतं: ‘आमचा कणा मोजणाऱ्यांनो, तुमचा कणा दाखवा!’

बाबांनी ते दोनदा वाचलं. “भाषा गरम आहे,” ते म्हणाले. “मागणी काय?”

मी खाली लिहिलं: ‘मागणी: फिल्म आमच्यासमोर पुन्हा मोजा.’

“आता ठीक. आता त्याइले वाचाले दे.”

“बाबा, ते डॉक्टर आहेत!”

“मंग? डॉक्टरले वाचता येत नाही का?”

पुढच्या आठवड्यात आई, बहीण आणि मी पुन्हा त्यांच्याकडे गेलो. बाबांची ड्यूटी होती. आई वाटेत म्हणत होती, “माह्या शिलाईत चूक निघाली तर मले कोणी पत्रक नाही देत, ब्लाउज तोंडावर फेकते. तूबी तसंच कर. लवकर होते.”

डॉक्टरांच्या टेबलावर मी कागद ठेवला. मान ताठ होती. त्यांनी चष्मा चढवला आणि वाचू लागले. ‘प्लास्टिकशाही’पाशी त्यांच्या मिशा हलल्या. बहीण माझ्या कानात म्हणाली, “ताई, कुत्रं कुठं बांधलं असन यायनं?”

वाचून झाल्यावर ते म्हणाले, “मागणी मंजूर.”

मी आणखी भांडायची तयारी करून गेले होते. मंजूर झाल्यावर काय बोलायचं हे मला कोणत्याच पत्रकाने शिकवलं नव्हतं.

त्यांनी भिंतीवरचा दिव्याचा डबा लावला आणि फिल्म त्यावर अडकवली. काळ्या पाण्यात पांढरा वेल सोडावा तसा माझ्या बहिणीचा कणा मधोमध दिसला. छातीपाशी तो उजवीकडे झुकला होता आणि खाली परत मध्यावर आला होता. फिल्मवर त्यांच्या जुन्या रेघा होत्या. स्पिरिटच्या बोळ्याने त्यांनी त्या पुसून टाकल्या.

“कंपास आहे का कोणाकडे?”

बहिणीच्या दप्तरात होता. डॉक्टरांनी त्यातला कोनमापक आणि गुण्या काढला. मोठं यंत्र निघेल असं मला वाटलं होतं. माझ्या बहिणीची दोन वर्षं ठरवणारं हत्यार शाळेच्या पेटीतलंच होतं, आणि त्याच्या एका कोपऱ्याला चिंच चिकटलेली होती.

“आता बघा,” ते म्हणाले. “हे मणके एकावर एक रचलेल्या विटा समजा. बाक जिथे सुरू होतो तिथली सगळ्यांत कललेली वीट वरची. जिथे संपतो तिथली सगळ्यांत कललेली खालची. वरच्या विटेच्या वरच्या कडेवर रेघ. खालच्या विटेच्या खालच्या कडेवर रेघ. या दोन रेघा भेटायला फिल्मच्या बाहेर जातात, म्हणून प्रत्येकीला काटकोनात एकेक रेघ काढायची. त्या जिथे एकमेकींना छेदतात, तिथला कोन. झालं. आता तुम्ही मोजा. दोघी. वेगवेगळं. आकडा मनात ठेवायचा, बोलायचा नाही.”

आधी मी मोजलं. त्यांनी पुसलं. मग बहिणीने मोजलं, जीभ बाहेर काढून, कंबर वाकडी करून. त्यांनी पुसलं. मग त्यांनी मोजलं.

“सांगा.”

“बावीस,” मी म्हणाले. जरा विजयाने.

“तीस,” बहीण म्हणाली.

“अवं, तू कोणाच्या पार्टीत हाय?” आई ओरडली.

“मले तीस दिसलं तं मी काय करू!”

“माझं सव्वीस,” डॉक्टर म्हणाले. “मागच्या वेळी सत्तावीस. ताई, तू खालची वीट चुकवली. तू घेतली ती सगळ्यांत कललेली नाही, तिच्या वरची आहे. कललेली वीट सोडली की कोन लहान येतो. आणि तू गं, तुझ्या विटा बरोबर, पण पेन्सिल जाड आणि कड धूसर. मोजणारा बदलला, पेन्सिल बदलली की तीन-चार-पाच अंश इकडे-तिकडे होतात. माझेही होतात. म्हणून दोन फिल्मांमधला पाच अंशांपर्यंतचा फरक आम्ही वाढ मानत नाही. आठ मात्र मानतो.”

“मग एकोणीसच चुकीचं असेल!” मी म्हणाले.

त्यांनी तालुक्याची जुनी फिल्म शेजारी लावली आणि त्याच दोन मणक्यांवर रेघा मारल्या. एकोणीस. पत्रकातली माझी कारस्थानाची बाजू तिथेच बसली. दोन्ही आकडे खरे होते. पाच महिन्यांत आठ अंश. आईने पदराने तोंड पुसलं.

बहीण दोन्ही फिल्मांकडे मान वाकडी करून बघत होती. “पण ह्या फोटोत मी किती मस्त दिसते ना,” ती जुन्या फिल्मकडे बोट दाखवून म्हणाली. “ह्या टायमाले मी आरामात होती. तुमच्या इथं त उभं ठिवलं, श्वास धर म्हनलं. तिथं टेबल गारगार होतं, छपरावर पाल होती. मले झोपच लागून राह्यली होती.”

डॉक्टरांचा हात थांबला. “झोपून काढला?”

“व्हय. मंग काय उभ्यानं झोप लागते का मले? मी काय घोडा हाय?”

त्यांनी जुनी फिल्म डब्यावरून काढली, उजेडात धरली, कडा बघितल्या. उभं राहून काढल्याची खूण त्यावर कुठेच नव्हती. ते खुर्चीत बसले. मग माझं पत्रक समोर ओढून त्यांनी ‘कारस्थान’ या शब्दावर काट मारली, आणि समासात स्वतःच्या अक्षरात लिहिलं: ‘आधी विचारायला हवं होतं.’

“उभं राहिलं की अंगाचा भार कण्यावर येतो, बाक पूर्ण दिसतो,” ते म्हणाले. “झोपलं की तो थोडा उलगडतो. हीच पोरगी त्याच दिवशी उभी केली असती तर आकडा जास्त आला असता. किती, ते आता कोणी सांगू शकत नाही. म्हणजे हे आठ अंश वाढलेत असं मी म्हणू शकत नाही. वाढले नाहीत असंही नाही.”

“मंग आत्ता झोपवून काढा ना एक,” आई म्हणाली. “होऊन जाऊ द्या फैसला.”

“किरणं काय प्रसाद आहेत का, बाई, दिसली की घ्यायला? आणि फैसला त्याने होणार नाही. पुढे तर उभ्यानेच मोजायचं आहे.”

मग त्यांनी आम्हाला आकड्यांची वाट सांगितली. दहाच्या खाली असेल तर त्याला बाक म्हणतच नाहीत. तिथून पंचविसापर्यंत, वाढीच्या मुलीत, फक्त दर चार-सहा महिन्यांनी बघायचं. तीसच्या पुढे गेला आणि उंची वाढायची बाकी असेल तर जाकीट, वाट बघायची नाही. पंचेचाळीस-पन्नासच्या पुढे गेला तर ऑपरेशनचं बोलणं. आणि हिच्यासारखं पंचवीस-तीसच्या मधलं असेल तर प्रश्न एकच, वाढतंय का? त्यांनी फिल्मच्या तळाशी कमरेचं हाड दाखवलं. त्याच्या कडेवर हाडाची टोपी येते, ती येत गेली की वाढ संपत आली असं समजायचं. हिची टोपी अजून आलीच नव्हती.

“पाळी सुरू झाली का?” त्यांनी आईला विचारलं.

“ताई, मी बाहेर जाते,” बहीण म्हणाली.

“तुह्याचबद्दल विचारून राह्यले, बाहेर जाऊन काय रस्त्यावरच्या लोकाइले सांगतं का?” आई म्हणाली. “नाही झाली, साहेब.”

“म्हणजे वाढीचे मोठे महिने पुढेच आहेत. दोन रस्ते आहेत. आजच जाकीट घाला, तेही चूक नाही. किंवा चार महिने थांबा, मार्चमध्ये इथेच, याच मशीनवर, उभ्याने फिल्म काढू, याच दोन विटा मोजू. पाचापेक्षा जास्त वाढलं किंवा तीसच्या पुढे गेलं, तर जाकीट. मग रडारड नाही.”

आईने बहिणीकडे पाहिलं. बहिणीने शपथेसाठी गळा धरला. “मार्च,” ती म्हणाली. “वाढलं त मी सोताहून घालीन. पण मोजन ताई. तिचं बावीस येते.”

“विटा बरोबर घेतल्या तर तिचंही चालेल,” डॉक्टर हसले.

ते पत्रक छापलं गेलं नाही. बाबांनी समासातलं वाक्य वाचलं आणि कागद घडी करून खिशात ठेवला. “चहा पाजला का त्यायनं?” एवढंच विचारलं.

ते चार महिने बहिणीने शिट्टीची तालीम केली. कापूस घरात पडून होता, बैलगाड्या रिकाम्या उभ्या होत्या, आणि गाडीतळावर संध्याकाळी मुलींचं पथक धूळ उडवायचं. पेरणीपासून तोंड पाडून बसलेली माणसं तिथे येऊन उकिडवी बसायची आणि सल्ले द्यायची. “अवं, दुसरी रांग मेली का?” बहीण शिट्टी काढून म्हणायची, “काका, तुमी या दुसऱ्या रांगेत!”

मार्चमध्ये या वेळी बाबाही आले. नवी फिल्म डब्यावर लागली. डॉक्टरांनी मणके खालून-वरून मोजून त्याच दोन विटांना बारीक ठिपके केले आणि पेन्सिल माझ्या हातात दिली. “आधी तू. मी नंतर.”

वरची रेघ मी नीट ओढली. खालच्या विटेपाशी आले आणि रेघ मारण्याआधीच मला दिसलं, बाक वाढला होता. विटा कललेल्या असल्या की डोळ्याला कळतं, एकदा शिकल्यावर. शेजारची वरची वीट तेवढी कललेली नव्हती. तिच्यावर रेघ मारली असती तर सत्तावीसच्या आसपास आलं असतं, तीसच्या आत, पाचाच्या आत. मिरवणुकीच्या आत. पेन्सिल जाड, कड धूसर. माझ्या मागे बहीण श्वास धरून उभी होती, एक्स-रेसाठी धरतात तसा. बाबा दाराशी उभे होते. त्यांच्या खिशात घडी केलेला तो कागद होता की नाही, मला माहीत नाही.

मी ठिपक्याच्या विटेवर रेघ मारली. काटकोन काढले. कोनमापक लावला. चिंच अजून तिथेच होती.

“तेहतीस,” मी म्हणाले.

डॉक्टरांनी पुसून मोजलं. “माझंही तेहतीस.”

बहीण म्हणाली, “च्यायला, ताई, आता कशा विटा बरोबर आल्या तुह्या?” आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. आईने तिला जवळ ओढलं. ओढता ओढता तिच्या पाठीचं माप हातानेच घेतलं, सवयीने.

“जाकीट बाक सरळ करत नाही,” डॉक्टर म्हणाले. “आहे तिथे धरायचा प्रयत्न करतं. दोन वर्षांनी एवढंच राहिलं तर आपण जिंकलो. घालून कुठलंही काम करता येतं. शाळा, सायकल…”

“लेझीम नाही,” बहीण नाक ओढत म्हणाली.

“लेझीम का नाही?”

“वाकता येते का त्याच्यात?”

“मग काढून खेळायचं! अंघोळीला, खेळायला काढायचंच असतं. तास-दोन तास. उलट व्यायाम हवाच. खेळ बंद करा असं मी कधी म्हणालो?”

आम्ही चौघं एकमेकांकडे बघत राहिलो. नोव्हेंबरपासून त्या माणसाला आम्ही पत्रक दिलं, फिल्म मोजायला लावली, छपरावरची पाल सांगितली, पण ‘लेझीम चालेल का’ हे एकानेही विचारलं नव्हतं.

बाबा म्हणाले, “मागणीच चुकली होती.”

चौदा एप्रिलला ती पथकाच्या पुढे होती. जाकीट नुकतंच नागपूरहून आलं होतं. मिरवणूक आमच्या गल्लीतून वळेपर्यंत आई ते मांडीवर घेऊन ओट्यावर बसली होती, कोणी पाहुणा सांभाळावा तशी. ऊन असं होतं की लेझमीच्या कड्या हाताला चटके देत होत्या. बहिणीची शिट्टी पाण्याच्या टाकीपर्यंत ऐकू जात होती. पथक थांबलं की ती धावत ओट्याकडे यायची, पाणी प्यायची, आणि जाकिटावर टिचकी मारून म्हणायची, “बस रे बाप्पा, येतेच.”

मी यवतमाळहून सुटीला येत राहिले. दुसऱ्या उन्हाळ्यात जाकीट काढून काढलेल्या फिल्मवर माझं बत्तीस आलं. डॉक्टरांचं तेहतीस. बहिणीने दोन्हीला टाळ्या वाजवल्या. तोवर तिच्या वर्गाला जाकिटाची सवय झाली होती. मला मात्र एक खोड लागली होती. ती अभ्यासाला बसली की मागून जाऊन मी तिच्या पाठीवर दार वाजवल्यासारखं टकटक करायचे आणि “कोणी आहे का घरात?” विचारायचे.

एके दिवशी संध्याकाळी तिने माझ्यासमोर एक कागद ठेवला. वहीचं पान, ठसठशीत अक्षर. मथळा: ‘जाकिटावर टकटक करणाऱ्यांनो, सावधान!’ खाली मागणी एकच होती आणि तिचं पूर्ण नाव होतं.

“छापायले देऊन राह्यली बाबाइले,” ती म्हणाली. “तुह्याविरुद्ध हाय. आधी तू वाच.”

ती माझ्यासमोर ताठ उभी राहिली, मी वाचून संपवेपर्यंत.